हिरव्या पाठीची कार्डं: पहिलीच्या वर्गातलं सजीव-निर्जीव चित्रवर्गीकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिलीत 19 मुलं. बहुतेकांच्या घरी शेती, शेतात खरिपात सोयाबीन-तूर आणि रब्बीत हरभरा. वर्गाच्या बाईंना बारा वर्षांचा अनुभव आहे. मी त्यांच्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेत शिकवते. नोव्हेंबरच्या शिक्षण परिषदेत त्यांनी या पाठाची अडचण मांडली. मग मी त्यांचे दोन तास वर्गात बसून पाहिले. बाकीचं त्यांच्या वहीतून आणि आमच्या बोलण्यातून लिहिलं आहे. मुलांची नावं बदलली आहेत.

पहिलीला परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक नसतं. सजीव-निर्जीव हा विषय गप्पांतून, चित्रांतून, खेळातून येतो. बाईंनी स्टेशनरीच्या दुकानातून एक तक्ता आणला, त्यातली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि बारा कार्डं तयार केली. सजीवांची सहा: गाय, कुत्रा, मासा, चिमणी, आंब्याचं झाड, गुलाबाचं रोप. निर्जीवांची सहा: दगड, खुर्ची, बादली, बस, डोंगर, सूर्य. जमिनीवर खडूने दोन मोठे गोल काढले. मुलांनी एकेकाने यायचं, गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचलायचं आणि योग्य गोलात ठेवायचं.

पहिल्या दिवशी बाईंनी एक गोल दाखवून सांगितलं, "ज्यात जीव आहे ते इकडे." नमुना म्हणून गाय आणि आंब्याचं झाड स्वतः एका गोलात ठेवलं, दगड दुसऱ्यात. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत जवळजवळ सगळी कार्डं बरोबर पडली. वहीत नोंद झाली: "संकल्पना स्पष्ट."

अडचण कुठे दिसली

तिसऱ्या दिवशी आंब्याच्या झाडाचं कार्ड सापडेना. बाईंनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने चिंचेचं झाड काढलं आणि गठ्ठ्यात टाकलं. ते समर्थच्या वाट्याला आलं. त्याने ते दोन्ही हातांत धरलं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि निर्जीवांच्या गोलात ठेवलं. बाईंनी कारण विचारलं. तो म्हणाला, "याच्या मागं हिरवं न्हाई."

तक्त्यावर सजीवांचा अर्धा भाग हिरव्या रंगावर छापलेला होता आणि निर्जीवांचा पिवळ्या. चित्रं कापताना तो रंग प्रत्येक चित्राभोवती बोटभर उरला होता. बाईंनी नमुना म्हणून ठेवलेली गाय आणि आंबा हिरवे होते, दगड पिवळा. सहा वर्षांच्या मुलाने त्यातून जो नियम काढला, तो उत्तम चालत होता. तीन दिवसांत तो एकदाही चुकला नव्हता.

मला इथे समर्थचं कौतुक वाटतं. त्याला दोन गट दाखवले, फरक शोधायला सांगितलं आणि त्याने सगळ्यात स्पष्ट फरक शोधला. चूक कार्डांची होती. दुकानातल्या बऱ्याच तक्त्यांवर अशी काही ना काही खूण असते. कधी रंग वेगळा, कधी चौकट वेगळी, कधी सगळ्या सजीवांना डोळे आणि तोंड. आमच्या शाळेतला तक्ता मी परत गेल्यावर काढून पाहिला. त्यावरच्या सूर्याला गाल आणि हसू होतं.

मुलांच्या मनात खरं काय होतं

बाईंनी कार्डं बाजूला ठेवली आणि मुलांना मैदानात नेलं. "इथे जीव असलेलं काय काय दिसतं?" असं विचारल्यावर कुत्रा, कावळा, मुंग्या, गावातली माणसं भराभर आली. रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टरही आला. कडुलिंबाचं झाड समोर असून कुणीच दाखवलं नाही. बाईंनी बोट दाखवून विचारलं तेव्हा अक्षरा म्हणाली, "ते तर उभंच हाय."

हा घोटाळा फक्त या वर्गाचा नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1920च्या दशकातच नोंदवलं होतं की लहान मूल हालचालीवरून जीव ओळखतं. आधी जे काही हलतं ते सगळं जिवंत. मग जे आपलं आपण हलतं ते जिवंत. प्राणी आणि वनस्पती एवढेच जिवंत, हे त्यानंतर येतं. त्यामुळे ट्रॅक्टर आत आणि लिंब बाहेर, हे या वयात अपेक्षितच म्हणायला हवं.

पण आमच्या मुलांच्या बाबतीत आपली भाषाही त्यात भर घालते. बाईंनी "सजीव" हा पुस्तकी शब्द टाळून "जीव आहे का" असं विचारलं होतं. घरात मात्र "जीव" कसा वापरतात? "मुका जीव आहे, मारू नको" हे बैलाला, कुत्र्याला, मांजराला लागतं. लिंबाला मुका जीव कुणी म्हणत नाही. झाड "वाळतं", "सुकतं". उलट गाडी "तेल लय खाते", इंजिन "पाणी पितं", मोबाईल "डेड होतो". बाईंनी पाठाची सुरुवात ज्या शब्दाने केली, तो मुलांच्या कानाला प्राण्यांपुरताच लागत होता.

तरी एक धागा हातात होता. मैदानातच आरोही म्हणाली होती की दिवस मावळल्यावर लिंबाचा पाला तोडायचा नसतो, झाड झोपलेलं असतं, आजी रागावते. बाईंनी ते वहीत लिहून ठेवलं. झाडाला जिवंत मानण्याची सोय घरच्या बोलण्यात कुठेतरी आहे, ती शोधायला हवी, असं आम्हा दोघींना वाटलं.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापक सरांचं म्हणणं होतं की लक्षणं पाठ करून घ्यावीत: सजीव श्वास घेतात, अन्न घेतात, वाढतात, हालचाल करतात, पिल्लांना जन्म देतात. तपासणीला कुणी आलं तर मुलं उत्तर देतील. बाईंना हे पटलं नाही, आणि कारण व्यावहारिक होतं. झाडाचा श्वास मुलाला दिसत नाही. झाडाची हालचाल दिसत नाही. "पिल्लांना जन्म" झाडाला लागूच होत नाही. ज्या एका गोष्टीवर वर्ग अडला होता, तिथेच ही यादी सगळ्यात लंगडी होती.

दुसरा पर्याय म्हणजे चित्रं सोडून देऊन फक्त खऱ्या वस्तू घेणं. चित्रात वाढ नसते, काळ नसतो. एकच क्षण गोठलेला असतो. चित्रातली गाय आणि चित्रातली बादली सारख्याच स्थिर. मला हा पर्याय आवडला होता. पण खऱ्या वस्तू म्हणजे शाळेच्या आवारात जे असेल तेवढंच. मासा नाही, डोंगर नाही. शिवाय कार्ड हातात घेऊन मूल थांबतं, दुसऱ्याशी भांडतं, जागा बदलतं. ती सोय मैदानात मिळत नाही.

तिसरा पर्याय पुढच्या इयत्तेवर सोडण्याचा. तोही विचारात घेतला, कारण या वयात समज अपुरी राहणार हे दिसत होतं. पण पक्का झालेला हिरव्या रंगाचा नियम तसाच ठेवून पुढे जायला बाई तयार नव्हत्या.

शेवटी त्यांनी कार्डं नव्याने बनवायची, गोल दोनाचे तीन करायचे आणि सोबत मुगाचा एक प्रयोग चालवायचा असं ठरवलं.

काय केलं

नवी कार्डं सगळी एकाच मापाच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर, एकाच काळ्या पेनने काढली. रंग नाही, चेहरे नाहीत. निवड करताना त्यांनी एकच कसोटी लावली: "हलतं ते जिवंत" या नियमाने जे कार्ड बरोबर पडेल ते कमी ठेवायचं आणि ज्याच्यावर हा नियम फसेल ते वाढवायचं. गाय, कुत्रा ही दोनच सोपी कार्डं राहिली. हलणाऱ्या निर्जीवांत ट्रॅक्टर, नदी, ढग, पंखा आले. न हलणाऱ्या सजीवांत चिंच, तुळस, तूर, गवत. दगड आणि बादली ठेवली. अशी एकूण बारा. अंड्याचं कार्डही काढलं होतं, पण दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही आणि घरच्या कोंबडीखालच्या अंड्यातून निघतं, हे एका कार्डात मावेना. ते बाजूला ठेवलं.

तिसरा गोल "अजून ठरलं नाही" याचा. हा निर्णय छोटा दिसतो, पण मी पाहिलेल्या दोन तासांत सगळ्यात जास्त बोलणं याच गोलाभोवती झालं. दोनच गोल असले की मूल अंदाजाने कार्ड टाकतं आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतं. तिसरा गोल असला की टाकण्याआधी बोलतं.

नियमही बदलला. आधी कारण सांगायचं, मग कार्ड ठेवायचं.

पहिल्या तासाला ट्रॅक्टर कुणाच्या हाती येतो याची बाई वाटच पाहत होत्या. तो सोहमला मिळाला. त्याचं कारण तयार होतं: "हा चालतो आणि डिझेल बी पितो." तीन-चार मुलांनी माना डोलावल्या. बाईंनी चूक-बरोबर काही सांगितलं नाही. विचारलं, "डिझेल संपलं तर काय होतं?"

"बंद पडतो."

"मग?"

"बाबा कॅनमधून आणून टाकतेत. मग चालू होतो."

तेवढ्यात तुरीचं कार्ड धरून बसलेली अक्षरा मधेच बोलली, "आमच्या तुरीला मर लागली. बाबांनी पाणी देलं तरी उठली न्हाई."

मर हा तुरीचा आणि हरभऱ्याचा ओळखीचा रोग आहे. जमिनीतली बुरशी मुळांतून आत शिरते, पाणी वर चढायचा मार्ग बंद होतो आणि ओलीत उभं झाड वाळतं. त्या वर्षी गावात तो होता. शेतकऱ्याच्या तोंडी तुरीला "मर लागते", तूर "मरते". एरवीच्या बोलण्यात जे झाड नुसतं वाळत होतं, ते शेतातल्या बोलण्यात मरत होतं.

बाईंनी तिथेच तास वळवला. ठरवलेले प्रश्न सोडून दिले आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले: "मरतं" आणि "बंद पडतं". प्रत्येक कार्डाला हाच प्रश्न. कुत्रा? मरतो. पंखा? बंद पडतो, बटण दाबलं की फिरतो. तुळस? यावर दोन मुलींचं बोलणं झालं. एकीच्या अंगणातली तुळस उन्हाळ्यात गेली होती आणि आईने नवीन लावली होती, "तीच परत आली न्हाई". तुळस जिवंतांत गेली. दगड? फुटतो. फुटलेल्या दगडाचे दोन दगड होतात, कुणी मरत नाही. हे मुलांनीच काढलं.

नदी तिसऱ्या गोलात गेली. आटते, पण पावसात परत येते, म्हणजे मरत नाही. पण ती बंद पडते असंही कुणी म्हणत नाही. ढगाचंही तसंच झालं. बाईंनी ती दोन्ही कार्डं तिथेच राहू दिली.

मुगाचा प्रयोग याच आठवड्यात चालला. सोमवारी शाळा सुटताना तीन वाट्यांत पाणी घालून तीन गोष्टी ठेवल्या: वीस कच्चे मूग, पोषण आहाराच्या चुलीवर मावशींनी उकडून दिलेले वीस मूग आणि तेवढेच बारीक खडे. मंगळवारी सकाळी पाणी काढून तिन्हींच्या वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत पुरचुंड्या बांधल्या. थंडी असल्यामुळे मोड यायला वेळ लागला. बुधवारी कच्च्या मुगाची सालं तडकून पांढरं टोक तेवढं दिसत होतं. गुरुवारी अठरा दाण्यांना बोटाच्या पेराएवढे मोड होते. दोन दाणे दगडासारखे कडकच राहिले. उकडलेल्या मुगाची पुरचुंडी सोडली तेव्हा बुळबुळीत लगदा आणि आंबूस वास. सगळ्यांनी नाकं धरली. खडे सोमवारी जसे होते तसेच.

या तीन वाट्यांत बाईंना जे हवं होतं ते होतं. खडा कधीच जिवंत नव्हता. उकडलेला मूग जिवंत होता, आता मेला. कच्चा मूग जिवंत आहे. "निर्जीव" या एका शब्दाखाली आपण खडा आणि उकडलेला मूग दोन्ही टाकतो. मुलांना मात्र फरक नाकाला कळला. जे मेलं ते सडलं, खडा सडला नाही.

एक प्रश्न अवघड आला. समर्थने विचारलं, "मग डब्यातला कोरडा मूग जिता हाय का? तो तर पाण्यावाचून मरत न्हाई." बाई म्हणाल्या, "तो झोपलाय, पाण्याने जागा होतो." त्या क्षणी उत्तर चाललं. त्याचा परिणाम पुढे लिहिते.

काय निष्पन्न झालं

दोन आठवड्यांनी बाईंनी एकेका मुलाला वेगळं बोलावून नव्या गठ्ठ्यात नसलेली सहा कार्डं दाखवली: वड, वेल, पाल, मोटारसायकल, घड्याळ, सूर्य. गोल नव्हते. फक्त "याच्यात जीव आहे का, कशावरून?" एका मुलाला चार-पाच मिनिटं लागली, सगळा वर्ग तीन दिवसांत झाला.

वडाला 19 पैकी 14 मुलांनी जिवंत म्हटलं आणि मरण्याचं, वाढण्याचं किंवा पाणी पिण्याचं कारण दिलं. मोटारसायकलला चार मुलांनी अजूनही जीव दिला. वेलावर थोडा गोंधळ झाला, कारण दोघांना ती दोरी वाटली. तो दोष चित्राचा. सूर्यावर जवळजवळ निम्मा वर्ग ठाम होता की तो जिवंत आहे. कारणं अशी: रोज येतो, रात्री झोपतो, आजी त्याला पाणी घालते.

"झोपतो" हे कारण तिघांनी दिलं, त्यात समर्थ होता. त्याने घड्याळालाही "सेल काढला की झोपतं" म्हटलं आणि मग अडकला. मुगासाठी वापरलेला शब्द त्याने पुढे नेला होता, आणि आता तो "बंद पडतं" आणि "मरतं" यांच्यामधली रेघ पुसत होता.

पुन्हा करायचं झालं तर

यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. बाईंचं मत असं की कोरड्या मुगासाठी "झोपलाय" म्हणायला नको होतं. त्याऐवजी दोन डबे ठेवून दाखवता आलं असतं: यंदाचा मूग आणि खूप वर्षांचा जुना मूग. जुन्या बियाण्याची उगवण कमी होत जाते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पेरणीआधी घरी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजतात. म्हणजे डब्यातला मूगही हळूहळू मरत असतोच. माझं मत थोडं वेगळं आहे. पहिलीत बी हे कार्ड तिसऱ्या गोलात राहिलं तरी चालेल. प्रयोगातून मोड दिसावेत, कोरड्या दाण्याचा निकाल लावण्याची घाई नको.

क्रमाबद्दल मात्र आमचं एकमत झालं. मूग आणि मैदान आधी, कार्डं नंतर. जपानमध्ये कायोको इनागाकी आणि गियू हातानो यांनी 1990च्या दशकात दाखवलं की पाच वर्षांच्या मुलांनाही खाणं-पिणं आणि वाढणं यांची आठवण करून दिली की प्राणी आणि झाडं यांच्यातलं साम्य दिसतं. आठवण व्हायची तर आधी काहीतरी पाहिलेलं हवं. तुरीची मर अक्षराने पाहिली होती म्हणून तास वळला. ज्या वर्गात कुणाच्या घरी तूर नाही, तिथे हा प्रश्न असा उभा राहणार नाही. तिथे कुंडीतलं सुकलेलं रोप किंवा मेलेली मुंगी शोधावी लागेल. आणि घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला असेल अशा मुलाची आधी चौकशी करावी लागेल. बाईंनी ती केली नव्हती. त्या वर्गात तसं कुणी नव्हतं, हे त्यांना नंतर कळलं.

कारण विचारण्याची फेरी पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती, हेही त्या म्हणाल्या. त्यासाठी एकोणीस मुलांना वेगळं बोलवायची गरज नव्हती. रोज चार मुलं आणि दोन कार्डं पुरली असती, आणि हिरव्या रंगाचा नियम पहिल्या दिवशीच बाहेर आला असता.

सूर्याचं कार्ड त्यांनी फेब्रुवारीत पुन्हा वर्गात आणलं. "मरतो की बंद पडतो?" असं विचारल्यावर आरोही म्हणाली, "काहीच न्हाई, तो नुसता जातो." कार्ड तिसऱ्या गोलात, नदी आणि ढगाच्या शेजारी गेलं.